नॉमिनी हा राखणदार, मालक नव्हे
शेअर व म्युच्युअल फंड ठेवून माणूस गेला तर पुढे काय?

२०२४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. बीड शहरातील आमच्या वस्तीत एका बांधवाचे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी निधन झाले. निमसरकारी कार्यालयात शिपाई म्हणून नोकरी करून त्यांनी मुलीचे लग्न केले होते, मुलाला आय.टी.आय. शिकवून पुण्याला कामाला लावले होते. जलदान विधी आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. पिशवीत बँकेचे पासबुक, पॅन कार्ड, म्युच्युअल फंडाचे एक जुने स्टेटमेंट आणि डिमॅट खात्याचा छापील कागद होता.

त्या म्हणाल्या, "दादा, ह्याच्यात काय हाय ते मला कळत न्हाई. पण ह्या कागदावर आमच्या भाऊजींचं नाव हाय. लोक म्हणतात, पैसे आता भाऊजींचेच झाले."

आम्ही कागद पाहिले. म्युच्युअल फंडाचा फोलिओ २००६ सालचा होता. महिना पाचशे रुपयांप्रमाणे काही वर्षे भरून एकूण साठ हजार रुपये त्यात गेले होते आणि आता त्यांची किंमत तीन लाखांच्या आसपास झाली होती. फॉर्म भरला त्या दिवशी धाकटा भाऊ शेजारी बसला होता. एजंट म्हणाला, "नॉमिनी म्हणून कोणाचेही नाव टाका," म्हणून त्याचेच नाव टाकले गेले. पुढे अठरा वर्षांत ते बदलण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. डिमॅट खाते २०२२ चे. त्या वर्षी एल.आय.सी.चे शेअर बाजारात आले तेव्हा पॉलिसीधारकांना ९४९ रुपयांचा शेअर ६० रुपयांच्या सवलतीने ८८९ रुपयांना मिळत होता. १५ शेअरचा एक गट १३,३३५ रुपयांना पडला. नंतर आणखी दोन-तीन कंपन्यांचे थोडे शेअर घेतले होते. सारे मिळून चाळीस हजारांचा माल. या खात्यावर मात्र नॉमिनीच नव्हता. खाते मोबाईलवर उघडताना कोणीतरी "नॉमिनी नको" या चौकटीवर बोट ठेवले होते.

म्हणजे एकाच घरात दोन्ही प्रकार होते. एका ठिकाणी नॉमिनी होता, पण तो वारस नव्हता. दुसऱ्या ठिकाणी वारस होते, पण नॉमिनी नव्हता. या दोन्ही वाटा कशा चालायच्या, ते या कुटुंबाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवत आहोत. नावे अर्थातच देत नाही.

आधी वारस कोण ते ठरवा

मयताने मृत्युपत्र केले असेल तर त्याप्रमाणे वाटणी होते. आपल्या बहुतेक घरांत मृत्युपत्र नसते. तेव्हा १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. "आम्ही तर बौद्ध, मग हिंदू कायदा कसा?" असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू असल्याचे लिहिले आहे. मुलीला आणि विधवेला वारसाहक्क मिळावा यासाठी बाबासाहेबांनी कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल मांडले होते. ते अडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ मध्ये वारसा कायदा आला तो त्या बिलाचाच एक तुकडा होय. तेव्हा या कायद्याने मिळणारा मुलीचा वाटा आपल्या घरात तरी कोणी विसरू नये.

या कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. मुलगी लग्न होऊन गेली असली तरी तिचा वाटा कायम राहतो. आई हयात असेल तर तिचाही वाटा असतो आणि हाच वाटा लोक सर्वांत जास्त विसरतात. वडील मात्र या पहिल्या वर्गात येत नाहीत आणि भाऊही येत नाही. पहिल्या वर्गातले एकही माणूस हयात असेपर्यंत भावाला काही मिळत नाही.

आमच्या या कुटुंबात वारस चार: म्हातारी आई, पत्नी, जालन्याला दिलेली मुलगी आणि पुण्याचा मुलगा. प्रत्येकाचा वाटा चार आणे. म्हणजे म्युच्युअल फंडाच्या तीन लाखांतले प्रत्येकी ७५ हजार आणि शेअरच्या चाळीस हजारांतले प्रत्येकी दहा हजार. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले होते त्या धाकट्या भावाचा वाटा शून्य.

मग नॉमिनीला हे पैसे मिळतातच कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी मुंबईच्या कोर्टात सुरू होऊन तेरा वर्षे चाललेल्या वादाकडे जावे लागते.

कोकाटे खटला आणि 'कालनिर्णय'चे घर

महाराष्ट्रातीलच एक गृहस्थ वारले. त्यांच्या डिमॅट खात्यावर पुतण्याचे नाव नॉमिनी म्हणून होते. विधवा पत्नीने शेअर मागितले. एप्रिल २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकाल दिला की शेअरच्या बाबतीत नॉमिनी हाच मालक होतो, पत्नीला हक्क नाही. हा कोकाटे खटला म्हणून ओळखला जातो. कंपनी कायद्यात शेअर नॉमिनीच्या ठायी "निहित" होतात असा शब्द होता, त्यावर हा निकाल उभा होता. या निकालाने अनेक घरांत विस्तव पडला. "माझे नाव आहे, माल माझा," असे म्हणणाऱ्यांना आधार मिळाला.

दुसरा वाद 'कालनिर्णय' दिनदर्शिकेचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेचा. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते वारले. काही गुंतवणुकींवर कुटुंबातील काही व्यक्तींची नावे नॉमिनी म्हणून होती. त्या म्हणाल्या, कोकाटे निकालाप्रमाणे हे आमचे. इतरांनी हरकत घेतली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी कोकाटे निकाल बरोबर नाही असे म्हटले. १ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानेही तेच सांगितले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी तेथेही हेच कायम झाले. शेअर असोत की म्युच्युअल फंडाचे युनिट, नॉमिनी त्यांचा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते.

न्यायालयाने दिलेले कारण साधे आहे. शेअरधारक वारल्यावर माल कोणाच्या हाती द्यायचा, हा कंपनीपुढचा प्रश्न असतो. वारस भांडत बसले तर कंपनीने किती वर्षे थांबायचे? म्हणून कायद्याने एक माणूस नेमून ठेवण्याची सोय केली. कंपनीने त्याच्या हाती माल दिला की कंपनी मोकळी. पण कंपनी मोकळी झाली म्हणजे वारसांचा हक्क संपला असे नव्हे. गावाकडे शेतावर राखणदार ठेवतात. पीक त्याच्या ताब्यात असते, पण पीक त्याचे नसते. नॉमिनी हा असा राखणदार आहे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये नामनिर्देशनाचे नवे नियम काढले, त्यातही नॉमिनी हा कायदेशीर वारसांसाठी विश्वस्त म्हणून मालमत्ता स्वीकारतो असे लिहिले आहे.

पहिली वाट: नॉमिनी आहे

ही वाट जवळची आहे. कोर्टाचा कागद लागत नाही. अर्ज मात्र नॉमिनीनेच करावा लागतो. आमच्या गोष्टीत पत्नीने कितीही खेटे घातले तरी फंडाने तिला पैसे दिले नसते, दिराला अर्ज करावा लागणार होता.

एकच धारक असलेला फोलिओ असेल तर म्युच्युअल फंडाकडे "टी-३" नावाचा दाव्याचा फॉर्म भरतात. सोबत साक्षांकित मृत्यू दाखला, नॉमिनीचे पॅन, त्याचे केवायसी आणि ज्यावर त्याचे नाव छापले आहे असा रद्द केलेला चेक लागतो. पैसे लगेच हातात येत नाहीत. आधी युनिट नॉमिनीच्या नावावरच्या फोलिओत चढतात. मग ते ठेवायचे की विकायचे हे नंतर ठरवता येते. शेअर असतील तर अर्ज ज्या ब्रोकरकडे वा बँकेत डिमॅट खाते आहे तिथे द्यायचा आणि नॉमिनीचे स्वतःचे डिमॅट खाते हवे.

कागद परत येतात ते बहुधा नावामुळे. आपल्या समाजात हा त्रास जास्त आहे. शाळेत एक आडनाव, नोकरीत गावावरून पडलेले दुसरे, पॅनवर तिसरेच. या बांधवांचे फोलिओवरचे आडनाव आणि नगरपरिषदेच्या मृत्यू दाखल्यावरचे आडनाव जुळत नव्हते. पहिला अर्ज त्यामुळेच परत आला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून आणि दोन्ही नावे दिसतील असे नोकरीचे कागद जोडून तो पुन्हा दिला. यात दोन महिने गेले. म्हणून मृत्यूची नोंद करतानाच दाखल्यावर पॅन कार्डाप्रमाणे नाव लिहून घ्या. तेव्हा पाच मिनिटांचे काम असते, नंतर दोन महिन्यांचे.

आता खरा प्रश्न. दीर आम्हाला भेटले तेव्हा सरळच म्हणाले, "साहेब, दादानं माझं नाव लिव्हलं, त्याच्या मनात मला द्यायचं असल म्हणूनच ना? अन् कोर्टानं बी तसंच सांगितलंय." त्यांना कोणीतरी २०१० चा निकाल सांगितला होता, पुढचे तीन निकाल सांगितले नव्हते. आम्ही ते समजावून सांगितले. मग विहारात चार जाणत्या माणसांसमोर बैठक झाली. म्हातारी आई बोलली ती एकच गोष्ट: "लेकरा, तुझ्या भावानं राखायला ठिवलंय, खायला न्हाई." माणूस मुळात वाईट नव्हता. त्याने मान्य केले.

जानेवारी २०२५ मध्ये युनिट त्याच्या नावावर आले. वारसांना पैशांची गरज होती, म्हणून विकायचे ठरले. इथे एक काळजी घेतली. युनिट दिराच्या नावावर असल्याने विक्रीतला नफा त्याच्या कागदोपत्री दिसणार होता. ही शेअरमध्ये गुंतवणूक करणारी योजना होती आणि अशा योजनेचे युनिट वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून विकले तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर लागत नव्हता. नफा मोजताना मयताने दिलेली मूळ किंमत आणि त्याने घेतल्याची तारीखच धरतात. साठ हजारांचे तीन लाख, म्हणजे नफा दोन लाख चाळीस हजार. म्हणून निम्मे युनिट मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकले. दोन आर्थिक वर्षे झाली, प्रत्येक वर्षाचा नफा सव्वा लाखाच्या आत राहिला. पैसे दिराच्या बँक खात्यातून चौघांच्या खात्यांवर गेले आणि प्रत्येकाची सहीची पावती घेतली. रोख व्यवहार केला नाही. दिराने विश्वस्त म्हणून पैसे पोहोचवले याचा तो पुरावा आहे आणि उद्या कोणी विचारले तर तोच त्याला वाचवील.

कोणाला युनिट वा शेअर न विकता वारसांच्या नावावर चढवायचे असतील तर तेही करता येते. पूर्वी नॉमिनीकडून वारसाकडे असे शेअर गेले की ती विक्री समजून आयकर खात्याकडून विचारणा होत असे. त्यावर सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये परिपत्रक काढून "टीएलएच" नावाचा वेगळा संकेत ठरवला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लावायचा असे सांगितले. अर्ज देताना हे हस्तांतर नॉमिनीकडून वारसाकडे आहे, असे स्पष्ट लिहावे.

नॉमिनी ऐकतच नसेल तर?

सर्वच दीर असे नसतात. तेव्हा निकाल आपल्या बाजूने आहे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. नॉमिनीने कागद पुरे केले की कंपनी त्याच्या नावावर माल चढवते. वारस कोण याचा निवाडा कंपनी करीत नाही. त्याने युनिट विकून पैसे उडवले तर तुमचा हक्क कागदावर राहतो, पण वसूल करायला त्या माणसाच्याच मागे फिरावे लागते.

म्हणून वाद दिसताच लगेच दोन कामे करावीत. एक, फंडाला वा ब्रोकरला लेखी कळवावे की वारसांमध्ये वाद आहे, आणि त्या पत्राची पोच घ्यावी. दुसरे, दिवाणी न्यायालयात दावा लावून युनिट विकण्यास मनाई मागावी. नुसते पत्र कंपनीला फार काळ रोखू शकत नाही, न्यायालयाचा मनाई आदेश रोखतो. वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेले अनुसूचित जातीचे बांधवही त्यात येतात.

दुसरी वाट: नॉमिनी नाही

आता डिमॅट खात्याकडे वळू. इथे कंपनीपुढे कोणीच नेमलेला माणूस नाही. तेव्हा वारसांनीच आपण वारस असल्याचे दाखवायचे असते. किती कागद लागतील हे रकमेवर ठरते.

सेबीने मे २०२२ मध्ये लहान रकमांसाठी सोपी पद्धत ठरवून दिली. डिमॅट खात्यात एकूण १५ लाखांपर्यंत आणि कागदी शेअर असतील तर एका कंपनीचे ५ लाखांपर्यंत, अशा मर्यादा तेव्हा ठेवल्या होत्या. म्युच्युअल फंडांची मर्यादा वेगळी असते. या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आजची मर्यादा ब्रोकरला किंवा फंडाला विचारून घ्यावी. आमचा माल चाळीस हजारांचा, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. कोर्टात जाण्याची गरज नव्हती.

मर्यादेच्या आत असताना तीन कागद महत्त्वाचे. पहिला, सर्व वारस कोण कोण आहेत हे सांगणारे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र. दुसरा, हमीपत्र: उद्या दुसरा कोणी वारस निघाला तर त्याची भरपाई आम्ही करू, कंपनीला तोशीस लागू देणार नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. तिसरा, ज्या वारसाच्या नावावर शेअर करायचे तो सोडून बाकी सर्वांचे ना-हरकत पत्र, किंवा त्याऐवजी सर्वांच्या सहीचा कौटुंबिक वाटणीचा कागद. याशिवाय मृत्यू दाखला, पॅन आणि दावेदाराचे डिमॅट खाते हे लागतेच.

ना-हरकत पत्रावर आम्ही मुद्दाम थांबतो. हा कागद बहुतेक घरांत मुलीला जालन्याहून वा पुण्याहून बोलावून घाईघाईत सही करायला लावतात. तिला वाटते, नुसती सही आहे. पण त्यातील मजकूर नीट वाचला तर शेअर दुसऱ्याच्या नावावर जाण्यास माझी हरकत नाही, असे ती लिहून देत असते. तिला वाटा सोडायचा असेल तर जरूर सोडावा, तो तिचा अधिकार आहे. पण सोडायचा नसेल तर ना-हरकत न देता वाटणीचा कागद करावा आणि तिला काय मिळणार ते त्यात लिहावे.

आमच्या कुटुंबाने तसेच केले. शेअर पत्नीच्या नावावर करायचे ठरले. आईच्या वाट्याचे दहा हजार तिच्या बँक खात्यात भरले. मुलगी आणि मुलगा यांनी आपले वाटे आईला दिले, पण तसे शब्दांत लिहिले. आजी अंगठा लावते, म्हणून तो नोटरीसमोर लावून घेतला व मजकूर तिला वाचून दाखवल्याची नोंद केली. मुलीच्या पॅनवर माहेरचे नाव होते आणि सही सासरच्या नावाने, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागला. ब्रोकरचे बीडमध्ये कार्यालय नसल्याने सगळे स्पीड पोस्टाने पाठवले आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवली. तीन महिन्यांत ते १५ एल.आय.सी. शेअर आणि बाकीचे पत्नीच्या डिमॅट खात्यात आले.

रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल किंवा एकही वारस सही द्यायला तयार नसेल, तर मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागते. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे, मयत जिथे राहत होता त्या जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्यासाठी ते बीड जिल्ह्यातीलच न्यायालय, कंपनी मुंबईची असली तरी. अर्जात प्रत्येक कंपनीचे शेअर आणि प्रत्येक फोलिओ लिहावा लागतो. एखादा राहिला तर त्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते. म्हणून आधी सगळा शोध पुरा करावा. तलाठ्याकडची वारसनोंद शेतजमिनीच्या कामाची आहे, ती दाखवून शेअर नावावर होतील असे समजू नये.

शोध कसा घ्यावा? पासबुकात लाभांश म्हणून आलेल्या लहान रकमा पाहाव्या, त्यापुढे कंपनीचे नाव असते. मयताच्या ई-मेलवर डिपॉझिटरीचे एकत्रित स्टेटमेंट येत असते. विसरलेल्या म्युच्युअल फंडांसाठी २०२५ मध्ये "मित्र" नावाची शोधसेवा सुरू झाली आहे. आणि एखाद्या कंपनीचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते बुडत नाहीत, पण परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो.

मयताच्या मोबाईलने विकू नका

शेवटी एक चूक सांगतो, कारण ती आता फार घरांत होते. या कुटुंबातला पुण्याचा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काका, बाबांचा फोन माझ्याकडं आहे. ओटीपी येतो. मी आजच सगळं विकून टाकतो." आम्ही त्याला थांबवले. खातेदार वारल्यावर त्याच्या नावाने केलेला व्यवहार म्हणजे मेलेल्या माणसाची सही करण्यासारखे आहे. मृत्यूच्या तारखेनंतरची विक्री कागदावर तारखेसह राहते. दुसऱ्या वारसाने हरकत घेतली तर ज्याच्या हातात फोन होता तो अडकतो. बँकेला मृत्यू कळला की ते खाते थांबते आणि विक्रीचे पैसे तिथेच अडकतात. म्हणून आधी फंडाला व ब्रोकरला मृत्यूची सूचना द्यावी. त्यांनी खाते गोठवले तरी घाबरू नये, माल सुरक्षित राहतो. महिन्याचा हप्ता चालू असेल तर तोही बंद होतो.

आमच्याकडे आलेली ती प्लॅस्टिकची पिशवी आता त्या भगिनीच्या कपाटात आहे. तिने स्वतःच्या डिमॅट खात्यावर मुलगा आणि मुलगी दोघांची नावे नॉमिनी म्हणून लावली आणि प्रत्येकापुढे पन्नास टक्के असे लिहिले. नव्या नियमाप्रमाणे दहापर्यंत नावे देता येतात. ज्यांना वारसाहक्काने मिळणार आहे त्यांचीच नावे नॉमिनी म्हणून असली की राखणदार आणि मालक एकच होतात आणि विहारात बैठक भरवण्याची वेळ येत नाही.

वाचकहो, आज रात्री आपल्या फोलिओच्या कागदावर नॉमिनीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहा. लग्नापूर्वीचे असेल, वारलेल्या माणसाचे असेल किंवा रकाना रिकामा असेल, तर तो बदलण्याचा फॉर्म भरा.

जयभीम!